नवीन ऑइल सील टाकूनही फोर्क पुन्हा गळतोय? सीलच्या आधी पाइप तपासा

पुढच्या शॉकअपचं सील गेलं, बदललं, पंधरा-वीस दिवस गाडी कोरडी राहिली आणि पुन्हा पाइपवर तेलाचं कडं दिसायला लागलं. असा अनुभव असेल तर पुढच्या वेळी सील विकत घेण्याआधी हे वाचा. दुसऱ्यांदा गळती होते तेव्हा नवीन सीलच खराब होतं, असं फार कमी वेळा घडतं. पहिल्या सीलला ज्या गोष्टीनं खाल्लं ती तिथेच राहिलेली असते आणि तीच दुसऱ्यालाही खाते.

माझ्या एका सहकाऱ्याची दीडशे सीसीची गाडी आहे. साधा टेलिस्कोपिक फोर्क, 31 मिलिमीटर जाडीचे पाइप. आठ महिन्यांत डाव्या बाजूचं सील दोनदा बदलून झालं होतं. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजमधून कोरडी यायची, चार दिवस सगळं ठीक, आणि मग एखाद्या संध्याकाळी डाव्या बॉटमवर, म्हणजे पाइप ज्यात सरकतो त्या खालच्या नळकांड्यावर, समोरून तेलाचा ओघळ. उजवा फोर्क मात्र एकदाही गळला नव्हता. तो मला म्हणाला, "दादा, सीलच हलक्या दर्जाची येतात हल्ली." मला ते पटलं नाही. एकाच दुकानातली, एकाच डब्यातली दोन सीलं टाकली आणि नेमकं डावीकडचंच प्रत्येक वेळी जातं, तर दोष डाव्या बाजूच्या धातूत शोधायला हवा.

खोलण्याआधीची तपासणी

सगळ्यात आधी तेल कुठून येतंय ते नक्की करा. बॉटमच्या अगदी तळाशी, अॅक्सलजवळ ओलं असेल आणि वर पाइप कोरडा असेल, तर सीलचा काही संबंध नाही. तिथे आतला डॅम्पर रॉड धरणारा अॅलन बोल्ट असतो आणि त्याखाली तांब्याचा वायसर. तो वायसर चपटा होऊन गेला की तेल तिथून झिरपतं आणि वाऱ्यानं उडून सगळीकडे पसरतं. अशा वेळी सील बदलणं म्हणजे पैसे आणि दिवस दोन्ही वाया.

पाइपवरच कडं येत असेल तर ऑइल सीलच्या वर धूळ अडवायला बसवलेलं डस्ट सील अलगद वर सरकवा. आत माती, चिकट काळा लगदा दिसला तर एक सोपा उपाय करून बघायला हरकत नाही. जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापा, तिच्या टोकाला छोटी आकडीसारखी खाच करा, कडा घासून गुळगुळीत करा. ती पाइपला चिकटवून सीलच्या ओठाखाली सरकवा आणि पाइपभोवती एक फेरा फिरवून बाहेर ओढा. कधीकधी ओठाखाली अडकलेला वाळूचा कण निघून येतो आणि गळती तिथेच थांबते. सहकाऱ्याच्या गाडीत मी हेच आधी केलं. थोडी माती निघाली, पण दोन दिवसांनी पुन्हा ओलं झालं.

मग पाइप निरखून पाहिला. उजेड तिरपा पडेल असा बल्ब धरला आणि अंगठ्याचं नख वरपासून खालपर्यंत, सगळ्या बाजूंनी फिरवलं. समोरच्या बाजूला, डस्ट सीलच्या बरंच वर, नख अडकलं. मोहरीच्या दाण्याएवढा खड्डा होता. कडेनं क्रोम किंचित उचललेलं आणि आत गंजाचा तांबूस ठिपका. नुसत्या नजरेला तो मातीच्या डागासारखा वाटत होता. गॅरेजमध्ये दोनदा पाइप हातात घेऊनही कुणाला दिसला नसेल, यात नवल नाही. दगड उडून समोरून लागतात, पाणीही समोरूनच येतं, म्हणून असे खड्डे बहुतेक वेळा पाइपच्या पुढच्या अंगाला सापडतात. नख पुरेसं वाटत नसेल तर पाइपवरून कापसाचा बोळा फिरवा. जिथे कडा उचललेली असेल तिथे कापसाचे तंतू अडकून राहतात.

आता खरा प्रश्न होता: हा खड्डा सीलपर्यंत पोहोचतो का? पाइपचा वरचा काही भाग सीलखाली कधीच जात नाही आणि तिथल्या खड्ड्यानं गळती होत नाही. हे मोजायला मी पाइपवर एक प्लास्टिकची केबल टाय बांधली, हातानं सरकेल इतपत सैल. पुढचं चाक उचलून फोर्क पूर्ण लांब झाल्यावर टाय डस्ट सीलला टेकवली. मग सहकाऱ्याला नेहमीसारखी गाडी चालवून यायला सांगितलं. परत आल्यावर चाक पुन्हा उचललं आणि मोजलं: टाय डस्ट सीलपासून 65 मिलिमीटर वर गेली होती. खड्डा होता 82 मिलिमीटरवर. म्हणजे साध्या चालीत सील त्या खड्ड्यापर्यंत पोहोचतच नव्हतं.

दुसऱ्या फेरीत मोकळ्या रस्त्यावर पुढचा ब्रेक जोरात लावायला आणि एका गतिरोधकावरून जरा वेगात जायला सांगितलं. टाय 95 वर.

कोडं इथेच सुटलं. सील बदलल्यावर गॅरेजवाला गाडी गल्लीत फिरवून बघतो, फोर्क 60–70 मिलिमीटर दबतो, सगळं कोरडं. मालक खूश होऊन गाडी घेऊन जातो. आठ-दहा दिवसांत कधीतरी एखादा अचानक ब्रेक लागतो, सीलचा नवा कोरा ओठ त्या उचललेल्या क्रोमवरून घासून जातो आणि त्याला बारीक चीर पडते. ओठाला एकदा चीर पडली की मग साध्या चालीतही तेल येतं. म्हणून गळती "काही दिवसांनी अचानक" सुरू झाल्यासारखी वाटते.

पाइप क्लॅम्पमध्ये फिरवून खड्डा मागच्या बाजूला घेतला तर चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालत नाही. सीलचा ओठ गोल आहे, तो पाइपला सगळ्या बाजूंनी धरतो. खड्डा पुढे असो की मागे, ओठ त्यावरून जाणारच.

फोर्क खाली घेताना

दोन बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे आणि हा क्रम चुकला की काम तिप्पट वाढतं. पहिला पाइपच्या डोक्यावरचा कॅप बोल्ट: वरच्या क्लॅम्पचा बोल्ट आधी ढिला करा, नाहीतर क्लॅम्प पाइपला आवळून धरतो आणि कॅपचे आटे खराब होतात. दुसरा तळाचा अॅलन बोल्ट, फक्त अर्धा फेरा. आत डॅम्पर रॉड मोकळा असतो. तो बोल्टबरोबर गरगर फिरायला लागला तर बोल्ट कधीच सुटत नाही. स्प्रिंग दाबलेली असेल तर ती रॉडला खाली दाबून धरते, म्हणून हे काम फोर्क गाडीवर, स्प्रिंग आत असतानाच करायचं. तरीही फिरत असेल तर कुणाला तरी हँडलवर वजन टाकून फोर्क दाबून धरायला सांगा. अर्ध्या फेऱ्यानं थोडं तेल ठिबकू लागतं, खाली ट्रे ठेवा.

त्यानंतर इंजिनखाली भक्कम आधार देऊन पुढचं चाक अधांतरी करा. गाडी हलवून बघा, डगमगता कामा नये. चाक, कॅलिपर, मडगार्ड काढा. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेनं बांधा आणि पॅडमध्ये लाकडाची पट्टी सारा, म्हणजे चुकून लिव्हर दाबला गेला तरी पिस्टन बाहेर येणार नाही. मग खालच्या क्लॅम्पचा बोल्ट सोडून पाइप हलकेच फिरवत खाली ओढा.

कॅप पूर्ण उघडताना त्यावर हाताचा तळवा दाबून ठेवा, खाली दबलेली स्प्रिंग असते आणि चेहरा त्याच्या वर नको. तेल मोजपात्रात ओता. फोर्क उलटा धरून आठ-दहा वेळा दाबून-ओढून घ्या, नाहीतर डॅम्पर रॉडच्या आत तेल राहतं. आमच्या गाडीत उजव्या फोर्कमधून 165 मिलिलिटर निघालं, डाव्यातून 128. पुस्तिकेत प्रत्येकी 170 होतं. डाव्या बाजूचं तेल पातळ चिखलासारखं करडं झालेलं होतं. तो करडेपणा अॅल्युमिनियमच्या बारीक चुऱ्याचा. उजवीकडचं नुसतं काळपट.

तळाचा बोल्ट काढला की या गाडीत पाइप सरळ बाहेर येतो, कारण यात वेगळे बुश नाहीत. ज्यांच्या फोर्कमध्ये बुश आहेत त्यांनी आधी डस्ट सील आणि त्याखालची लॉक क्लिप काढावी आणि मग पाइप झटके देत ओढावा; बुशच सीलला बाहेर ढकलतं. आमच्याकडे सील बॉटममध्येच राहिलं. ते टायर लिव्हरनं उचकटलं. लिव्हरखाली, बॉटमच्या कडेवर कापडाची जाड घडी ठेवली होती. सील बसतं त्या भिंतीवर ओरखडा पडला तर नवं सील बाहेरच्या अंगानं गळतं आणि तो दोष नंतर शोधून सापडत नाही.

काढलेलं सील फेकू नका, उजेडात धरून बघा. आमच्या सीलच्या ओठावर एकाच जागी केसाएवढी उभी चीर होती. ती पाइपच्या खड्ड्याच्या ओळीतच आली. सबंध ओठ सारखा झिजून गुळगुळीत झाला असता तर तो वयाचा परिणाम मानला असता. एका अंगानंच जास्त झिजला असता तर पाइप वाकलेला आहे की बुश गेलेत, हे बघावं लागलं असतं.

पाइप वाकलाय का हे बघायला व्ही-ब्लॉक आणि डायल गेज लागतं. बऱ्याच पुस्तिकांमध्ये 0.2 मिलिमीटरची मर्यादा दिलेली असते. गेजवर जो एकूण फरक दिसतो त्याच्या निम्मा वाक धरायचा. गेज नसेल तर जाड काचेवर पाइप गडगडवा आणि खालून उजेडाची फट उघडझाप करते का ते पाहा. यातून मोठा वाक कळतो, बारीक नाही. आमचे दोन्ही पाइप सरळ होते.

खड्ड्याचं काय करायचं

नुसता बारीक ओरखडा असेल, क्रोम सुटलेलं नसेल, तर 1000 आणि मग 2000 नंबरचा पॉलिश पेपर तेलात बुडवून फक्त उचललेली कड मोडावी. पेपर पाइपभोवती आडवा फिरवायचा. वर-खाली घासलात तर उभ्या रेघा पडतात आणि त्या तेलाला बाहेर यायला वाटाच करून देतात. छोटा खड्डा इपॉक्सीनं भरून, सुकल्यावर ब्लेडनं पाइपच्या पातळीत सपाट करून पॉलिश करता येतो. मी हे एका जुन्या गाडीवर केलंय आणि ते टिकलं, पण तो खड्डा टाचणीच्या टोकाएवढा होता आणि भोवतीचं क्रोम घट्ट होतं.

इथे तसं नव्हतं. ब्लेडच्या टोकानं कड हलकीच खरवडली तर आणखी एक पापुद्रा सुटला. गंज क्रोमच्या खालून पसरत होता. अशा जागी भरलेली इपॉक्सी काही दिवसांत निघते आणि तिचा तुकडा सीलच्या ओठाखाली जातो. पाइप घासून नव्यानं हार्ड क्रोम करून घेणं किंवा पाइप बदलणं, एवढेच दोन मार्ग उरतात. आम्ही डावा पाइप नवा घेतला. सीलं मात्र दोन्ही बाजूंची बदलली, कारण उजवंही जुनं झालेलं होतं आणि फोर्क खाली घेण्याचे कष्ट एकदाच घ्यायचे होते.

जोडणी आणि तेलाची पातळी

सगळे भाग केरोसीननं धुवा, वाऱ्यावर पूर्ण सुकवा. बॉटमच्या तळाशी साचलेला करडा गाळ बोळ्यानं पुसून काढा, नाहीतर तोच नव्या तेलात मिसळतो. पाइप आणि डॅम्पर रॉड बॉटममध्ये बसवा, तळाच्या बोल्टला नवा तांब्याचा वायसर आणि आट्यांना थ्रेडलॉकचा थेंब. बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कनं आवळा. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो 20 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. रॉड फिरत असेल तर स्प्रिंग आणि कॅप तात्पुरती लावून फोर्क दाबून धरा.

सील घालताना सगळ्यात जास्त नुकसान पाइपच्या वरच्या टोकाच्या धारदार कडेनं होतं. त्या टोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी ताणून घाला, तिला फोर्क ऑइल लावा, सीलच्या ओठालाही लावा आणि सील पिशवीवरून खाली सरकवा. ज्या बाजूला बारीक गोल स्प्रिंग दिसते ती खाली, तेलाकडे. नंबर छापलेली बाजू वर. पाइपवर बरोबर बसेल अशा पीव्हीसी नळीचा तुकडा घेऊन, मध्ये जुनं सील ठेवून, हलक्या ठोक्यांनी सगळीकडून सारखं खाली बसवा. क्लिपची खाच पूर्ण गोलाईत दिसली की सील जागेवर आलं. एका बाजूला खाच दिसते आणि दुसऱ्या बाजूला अर्धी झाकलेली आहे, तर सील तिरकं बसलंय. तिथे थांबून सरळ करा, क्लिप जबरदस्तीनं बसवू नका.

आता तेल. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचंच घ्या आणि दोन्ही फोर्कमध्ये एकाच डब्यातलं घाला. दोन कंपन्यांचं 10 डब्ल्यू प्रत्यक्षात सारखंच जाड असेल असं नाही.

तेल किती घातलं यापेक्षा पातळी किती आली हे महत्त्वाचं. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. माझ्या पहिल्या कामात मी फोर्क नुसता उलटा करून तेल ओतलं, पंप केलं नाही आणि वर पुस्तिकेतलं पूर्ण माप घातलं. आत जुनं वीसेक मिलिलिटर राहिलेलं होतं. पाइपचा आतला व्यास 27 मिलिमीटर धरला तर 20 मिलिलिटर जादा तेलानं पातळी 35 मिलिमीटर वर येते. वरून 150 मिलिमीटर रिकामं हवं तिथे 115 उरतं, म्हणजे फोर्क पूर्ण दबल्यावर हवेला मिळणारी जागा जवळजवळ चौथ्या हिश्शानं कमी. ती हवा दबून सीलवर जोर टाकते. पुढचा भाग कडक लागत होता, ते मला नव्या तेलाचं लक्षण वाटलं आणि महिन्याभरात दोन्ही सीलं ओली झाली.

म्हणून मापापेक्षा थोडं कमी तेल घाला, पाइप सावकाश आठ-दहा वेळा वर-खाली करून हवा काढा आणि पाच-दहा मिनिटं उभं ठेवा. मग स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला आणि अगदी सरळ उभा असताना पाइपच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंत पट्टीनं मोजा आणि हवं तेवढं तेल वर घाला. मोठ्या सिरिंजला नळी लावून, नळीवर हवी तेवढी लांबी खूण करून जादा तेल ओढून काढता येतं. नळी हवा ओढायला लागली की पातळी बरोबर. आम्ही दोन्ही बाजू एका मिलिमीटरच्या आत जुळवल्या. कॅपचं ओ-रिंग कडक झालेलं असेल तर तेही बदला.

गाडीवर चढवताना दोन्ही पाइप वरच्या क्लॅम्पपासून सारख्या उंचीवर ठेवा. अॅक्सलचा नट आवळा, पण बॉटमवरचा पिंच बोल्ट असेल तर तो सगळ्यात शेवटी. गाडी खाली उतरवा आणि पुढचा ब्रेक लिव्हर पाच-सहा वेळा दाबून पॅड डिस्कला टेकवा. पहिल्या दाबाला लिव्हर मोकळाच जातो, तशीच गाडी रस्त्यावर काढू नका. मग ब्रेक धरून फोर्क काही वेळा जोरात दाबा, म्हणजे दोन्ही बाजू आपोआप एकमेकींना समांतर होतात, आणि त्यानंतरच पिंच बोल्ट आवळा. आधी आवळला तर दोन्ही बॉटम एकमेकांकडे ओढले जातात, पाइप तिरके घासतात आणि सील एका बाजूनं झिजतं. पाइप, सील, तेल सगळं व्यवस्थित असूनही पुन्हा गळणाऱ्या फोर्कमध्ये हे कारण मी दोनदा पाहिलंय.

डिस्कवर तेल उडालेलं असेल तर ब्रेक क्लीनरनं पुसा. पॅडनं तेल शोषलं असेल तर ते धुऊन वापरू नका, नवे घ्या.

सहकाऱ्याच्या गाडीवर केबल टाय मी मुद्दाम तशीच ठेवली. काम झाल्यावर त्याला गल्लीत न फिरवता थेट मोकळ्या रस्त्यावर नेलं आणि जोरात ब्रेक लावायला लावला. टाय 93 वर गेली. दोन्ही पाइप पांढऱ्या कापडानं पुसले, तेव्हा कापडावर नुसता पुसट चकाकता थर आला. तेवढा असतोच, ओठ त्याच्यावरच सरकतो. 600 किलोमीटर झाल्यावर पुन्हा तीच तपासणी केली. डावा पाइप कोरडा होता आणि त्याच्या बॉटमवरची धूळही कोरडीच होती.